चिखल निघतो, पण पिवळा डाग राहतो: बदलापूर-अंबरनाथच्या पावसात पांढरे मोजे आणि पँट कशी वाचवायची?

जूनमध्ये शाळेसाठी घेतलेली पांढरी पँट ऑगस्टपर्यंत पांढरी राहिली, असं घर उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात शोधावं लागेल. गुडघ्याखाली फिक्कट पिवळी झाक, शिवणीपाशी तपकिरी रेघ आणि मोज्यांचे तळवे राखाडी, हे चित्र ओळखीचं आहे. शनिवारी पीटीच्या रांगेत मुलाला उभं केलं की ते आणखी उठून दिसतं. मग घरात ब्रश घासणं सुरू होतं, पावडर वाढते आणि शेवटी ब्लीच येतं. कापड झिजतं, मोज्यांचं इलॅस्टिक सैल होतं, पण पिवळेपणा तिथेच राहतो.

त्याचं कारण असं की चिखलाचा डाग दिसतो एक, पण असतात दोन. वरचा डाग मातीच्या कणांचा असतो आणि तो पाण्या-साबणाने निघतो. त्याच्याखाली राहतो तो लोखंडाचा डाग. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की डाग जातच नाही, उलट कापड जातं.

चिखलात लोखंड आलं कुठून?

अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. १०६० च्या सुमाराचं. ते ज्या काळ्या दगडात उभं आहे तो बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा आणि निम्म्याहून जास्त महाराष्ट्राचा पायाचा दगड. या दगडात लोखंडाची संयुगं भरपूर असतात, वजनाच्या साधारण दहा टक्के किंवा त्याहून थोडी जास्त. हजारो वर्षं ऊन-पाऊस खाऊन दगड कुजला की त्यातलं लोखंड गंजतं आणि मातीला पिवळा, तपकिरी किंवा लाल रंग येतो. बदलापूरहून दिसणाऱ्या डोंगररांगेवर माथेरानला जी लाल माती आहे, तिचा रंगही याच गंजाचा.

हाच अर्धवट कुजलेला बेसॉल्ट म्हणजे मुरूम. रस्त्याची बाजूपट्टी भरायची, पावसाळ्यात खड्डा तात्पुरता बुजवायचा, नव्या इमारतीभोवती भराव घालायचा, तर मुरूम येतो. पहिल्या जोरदार सरीत तो धुपून रस्त्यावर येतो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर बाजूने रिक्षा गेली की पायावर उडतो तो हा मुरूम, त्यात काळी चिकण माती, थोडं सिमेंट, टायरची आणि धुराची काजळी आणि गाड्यांतून ठिबकलेलं तेल. गावच्या शेतातल्या चिखलापेक्षा शहरातला चिखल काढायला अवघड जातो, तो या शेवटच्या दोन गोष्टींमुळे.

मातीचा कण धाग्याला का चिकटतो?

चिकण मातीचा कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. कापसाचा एक तंतू त्याच्या कितीतरी पट जाड, शिवाय पिळदार आणि खाचांचा. कण त्या खाचेत जाऊन बसला की ब्रशचे केस तिथे पोहोचतच नाहीत. ओल्या चिखलावर जोर लावून ब्रश मारला तर कण बाहेर येण्याऐवजी आणखी आत दाबले जातात. पांढऱ्या पँटवरचा ठिपका घासल्यावर मोठा आणि फिका होतो, तो निघत नसून पसरत असतो.

आता एक गोष्ट धुणाऱ्याच्या बाजूची आहे. पाण्यात गेल्यावर मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, आणि कापसाच्या धाग्यावरही ऋणच. सारखे भार एकमेकांना ढकलतात. म्हणजे खरं तर स्वच्छ, मऊ पाण्यात माती धाग्यापासून दूर जायलाच तयार असते. कपड्याच्या पावडरीतला सोडा आणि साबणी घटक हे ढकलणं आणखी वाढवतात आणि सुटलेला कण पाण्यात तरंगत ठेवतात.

घोळ होतो पाणी जड असलं की. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं आणि त्यांच्यावर धन भार असतो. ते धागा आणि माती या दोघांनाही धरून ठेवतात, जणू मधे पूल बांधतात. पावडर घातली तरी तिचा बराच भाग या कॅल्शियमशी भांडण्यातच संपतो. त्यामुळे एकाच पावडरीने, एकाच हाताने धुतलेला मोजा नळाच्या पाण्यात उजळतो आणि बोअरच्या पाण्यात करडा राहतो.

बदलापूर आणि अंबरनाथला नळाचं पाणी मुख्यतः उल्हास नदीतून येतं, उल्हासनगरला एमआयडीसीकडून. नदीचं हे पाणी तसं मऊ असतं. पण पाणी कपात असली, सोसायटी टँकरवर असली किंवा टाकीत बोअरचं पाणी मिसळलं जात असलं, तर घरात नेमकं काय येतंय ते पाहून घेतलेलं बरं. बाटलीत पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा वाटाण्याएवढा तुकडा टाकावा आणि जोरात हलवावं. दाट फेस आला आणि खालचं पाणी साधारण स्वच्छ राहिलं, तर पाणी मऊ. फेस जेमतेम आला आणि दह्यासारखा पांढरा साका तरंगला, तर जड. जड पाणी असेल तर अर्ध्या बादलीत, म्हणजे आठ-दहा लिटरमध्ये, एक लहान चमचा धुण्याचा सोडा आधी विरघळवायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि मगच पावडर घालायची. हा किराणा दुकानात मिळणारा वॉशिंग सोडा. खाण्याचा सोडा या कामाला बराच कमजोर पडतो.

नळालाच गढूळ पाणी आलं तर?

जुलैमध्ये नदीला पूर आला की नळालाही चहासारखं पाणी येण्याचे दिवस असतात. अशा पाण्यात पांढरं कापड धुणं म्हणजे एका चिखलातून काढून दुसऱ्यात बुडवणं. इथे घरातली तुरटी कामाला येते. बादलीभर पाण्यात तुरटीचा खडा सात-आठ वेळा फिरवायचा आणि तासभर बादलीला हात लावायचा नाही. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर धन भार असतो. तो एकमेकांपासून पळणाऱ्या मातीच्या कणांना एकत्र बांधतो, त्यांचे गोळे होतात आणि ते तळाशी बसतात. वरचं नितळ पाणी मगाने अलगद काढून घ्यायचं. जलशुद्धीकरण केंद्रातही मुळात हेच तत्त्व वापरतात.

मात्र कपडे बादलीत असताना तुरटी फिरवू नये. जी तुरटी मातीचा कण दुसऱ्या कणाला बांधते, ती तो धाग्यालाही बांधू शकते.

एक पँट, एक मोज्यांची जोडी: संध्याकाळपासून सकाळपर्यंत

समजा, सहावीतला मुलगा संध्याकाळी साडेपाचला घरी आला. पांढरी टेरिकॉटची पँट घोट्यापासून गुडघ्यापर्यंत शिंतोडलेली, मागच्या बाजूला एक जाड थर. मोजे सुती-नायलॉनचे, बुटात पाणी शिरल्याने पूर्ण भिजलेले. मोजे उद्या सकाळी हवेत, पँट शनिवारी.

दोन्ही एकाच बादलीत टाकणं ही इथली पहिली चूक असते. पँटवरच्या जाड चिखलाला पाणी लावायचंच नाही. ती पंख्याखाली टांगून चिखल पूर्ण वाळू द्यावा. वाळलेला थर चमच्याच्या पाठीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडला की सुटतो, आणि उरलेली धूळ कोरड्या ब्रशने झटकली की निम्म्याहून जास्त माती पाण्याशिवाय गेलेली असते. जी माती पाण्यात गेली नाही ती धाग्यातही जात नाही. बारीक शिंतोड्यांना मात्र हा नियम नाही. ते पातळ असतात आणि वाळले की धाग्यात बसतात, त्यामुळे तेवढा भाग कापडाच्या उलट्या बाजूने नळाखाली धरावा, म्हणजे पाणी मातीला आली त्याच वाटेने परत ढकलतं.

मोज्यांना वाळवायला वेळ नाही आणि गरजही नाही. मोजा सुलट ठेवून त्याचं तोंड नळाखाली धरायचं आणि आत पाणी भरू द्यायचं. ते विणीतून बाहेर झिरपतं आणि बाहेरचा चिखल बाहेरच ढकलतं. बाहेर पडणारं पाणी आधी तपकिरी, मग राखाडी आणि मग साधारण स्वच्छ होतं. त्यानंतर मोजा उलटा करून पुन्हा तेच, कारण बुटात शिरलेल्या पाण्यासोबत माती आतल्या बाजूलाही लागलेली असते. दोन मोज्यांना मिळून पाच मिनिटं लागतात. यात हाताने चोळणं अजिबात नाही. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत साबणाला हात लावायचा नाही हे एवढं पाळलं, तरी पुढचं काम अर्धं होतं.

मग भिजवणं. अर्धी बादली कोमट पाणी, हात बुडवला तर सुखद वाटेल इतपतच गरम, आणि त्यात दीड मोठा चमचा कपड्याची पावडर पूर्ण विरघळवून घ्यायची. मोजे अर्धा तास. रात्रभर भिजवलं तर जास्त स्वच्छ होतं हा समज आहे. तासाभरानंतर पाण्यात सुटलेली माती हळूहळू पुन्हा कापडावर बसू लागते. पाणी गढूळ झालं तर ते ओतून पुन्हा नवं पाणी, नवी पावडर. दुसऱ्या भिजवण्याचा फायदा पहिलं लांबवण्यापेक्षा कितीतरी जास्त.

अर्ध्या तासाने मोजा हातात घालून, दुसऱ्या हाताने तळव्याचा भाग मऊ ब्रशने घासायचा. कापड ताणलेलं असल्यामुळे वीण उघडते आणि कण बाहेर येतात. टाच आणि बोटांच्या ठिकाणी राखाडी थर उरला तर तो बहुतेक तेल आणि काजळीचा असतो. तिथे भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब लावून दहा मिनिटं ठेवावं आणि मग धुवावं. तेलाचा डाग ओळखायची खूणही सोपी आहे: ओल्या कापडावर त्या जागी पाणी लगेच शोषलं जात नाही, थेंब जरा वर टिकून राहतो.

शेवटी दोन स्वच्छ पाण्यांतून खळबळून काढायचं. मोजे पिळल्यावर जुन्या टॉवेलवर पसरून टॉवेलची घट्ट गुंडाळी करावी आणि तिच्यावर गुडघ्याने दाबावं. वॉशिंग मशीनचा ड्रायर नसेल तर एवढ्याने बरंच पाणी निघतं. मग तळवा वर आणि तोंड खाली असे पंख्याखाली टांगले तर साधारण सकाळपर्यंत वाळतात. जाड टाच दमट राहिली तर मात्र तसाच मोजा बुटात घालून पाठवू नये. दिवसभर बंद बुटात तो वास धरतो आणि पायाच्या बोटांत चिखल्या होतात.

पँटचं धुणंही याच क्रमाने, फक्त घाई नसल्यामुळे तिच्यात पुढचा टप्पा नीट करता येतो.

आता उरलेला पिवळेपणा

पँट दोनदा भिजवून, खळबळून दिव्याखाली धरली की खरा प्रश्न दिसतो. काळपट काही नाही, पण गुडघ्याखाली फिक्कट पिवळी झाक आहे. ही मळाची की लोखंडाची? तपासायला लिंबू पुरतं. शिवणीजवळच्या एका लहान डागावर लिंबाचा रस दोन थेंब आणि चिमूटभर मीठ लावायचं, पंधरा मिनिटांनी धुऊन शेजारच्या डागाशी ताडून पाहायचं. तेवढी जागा उजळली तर डाग लोखंडाचा. काहीच फरक नसेल तर माती किंवा तेल अजून आत आहे, म्हणजे पुन्हा पावडर आणि लिक्विडकडे वळायचं.

लिंबू काम करतं कारण त्यातलं सायट्रिक आम्ल गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात विरघळवतं. आज्या लिंबू-मीठ लावून कापड उन्हात ठेवायला सांगायच्या, तेही बरोबरच होतं. सायट्रिक आम्लाने धरलेलं लोखंड उजेडात असं रूप घेतं की ते आणखी सहज विरघळतं. जुलैच्या बदलापुरात ऊन मागायचं कोणाकडे, हा वेगळा प्रश्न. म्हणून पावसाळ्यात उन्हाऐवजी कोमट पाणी आणि जास्त वेळ द्यावा लागतो.

पूर्ण पँटसाठी लिंबं पिळत बसण्यापेक्षा किराणा दुकानातलं लिंबूफूल स्वस्त पडतं. हे म्हणजे सायट्रिक आम्लाचे पांढरे खडे. एक कप कोमट पाण्यात एक लहान चमचा लिंबूफूल, या प्रमाणात डागाचा भाग बुडेल इतकं पाणी करायचं. पाऊण ते एक तास ठेवायचं, मधे दोनदा हलवायचं. पाण्याला अगदी फिकट पिवळी छटा आली तर लोखंड सुटतंय. मग भरपूर पाण्याने धुवायचं आणि शेवटी एकदा साध्या पावडरीच्या पाण्यातून काढायचं, म्हणजे आम्ल धाग्यात राहत नाही. आम्ल तसंच राहून कापडावर इस्त्री फिरली तर सुती धागा कमजोर होतो.

एका वेळेला डाग पूर्ण गेला नाही तर दुसऱ्यांदा करता येतं. तिसऱ्या वेळेला फरक दिसत नसेल तर थांबावं. मातीच्या कणाच्या आत अडकलेलं लोखंड सायट्रिक आम्लाला सहजी हाती लागत नाही. ऑक्झॅलिक आम्ल त्याहून जोरकस आहे आणि गंजाचे डाग काढायच्या तयार द्रावणांत ते असू शकतं, पण ते पोटात गेलं तर विषारी. लहान मुलं असलेल्या घरात ते आणायचं तर हातमोजे घालून, स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर आणि डब्यावरच्या प्रमाणाबाहेर न जाता. एका शाळेच्या पँटसाठी इतका खटाटोप करावा का, हे घरातल्यांनीच ठरवावं.

मोज्यांवर कधी कधी घोट्याजवळ किंवा पायाच्या वरच्या भागावर लहान नारिंगी वर्तुळं दिसतात. ती चिखलाची नसतात. बुटाच्या नाडीच्या भोकांना लावलेल्या धातूच्या कड्या गंजलेल्या असतात आणि ओल्या बुटातून तो गंज मोज्यावर उतरतो. असेच डाग गंजक्या तारेवर वाळत घातलेल्या पँटच्या कमरेला आडव्या रेघेसारखे येतात. दोन्हींवर लिंबूफूल चांगलं चालतं, पण कड्या आणि तार बदलल्याशिवाय ते परत येतात.

ब्लीचने नेमकं काय बिघडतं?

क्लोरीनचं ब्लीच, मग ते बाटलीतलं असो की ब्लीचिंग पावडर, रंग मारतं तो ऑक्सिडीकरण करून. चहा, हळद, घाम यांचे रंग त्याने तुटतात. पण गंज म्हणजे आधीच ऑक्सिडीकरण झालेलं लोखंड. त्याचं आणखी काय होणार? डाग तसाच राहतो. त्यावर, बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड असेल तर ब्लीच त्याचाच गंज बनवून कपड्यावर बसवतं. ब्लीच घातल्यावर पांढरी पँट सगळीकडून फिक्कट पिवळी झाली, तर हेच घडलेलं असण्याची शक्यता मोठी.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. लोखंडाच्या संपर्कात ब्लीच जास्त वेगाने आणि तीव्रतेने काम करतं, आणि त्याची झळ डागाभोवतीच्या सुती धाग्याला बसते. महिन्या-दोन महिन्यांनी नेमक्या डागाच्या जागी कापड विरतं. मोज्यांचं तर आणखी वाईट. त्यांच्या वरच्या पट्टीतला ताणला जाणारा धागा आणि नायलॉन, दोघांनाही क्लोरीन सोसत नाही. नायलॉन पिवळं पडतं, पट्टी सैल होते आणि मोजा चालता चालता बुटात उतरतो. कपड्याच्या आतल्या लेबलवर त्रिकोणावर फुली असेल तर ते याचसाठी.

ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे ज्यांच्या डब्यावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं अशा पावडरी, कापडाला सौम्य असतात आणि घामाचा, मळाचा करडेपणा कमी करतात. पण लोखंडापुढे त्यांचाही उपयोग नाही. त्या वापरायच्या तर लिंबूफुलाने लोखंड काढून झाल्यावर.

आणि एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करायची नाही: लिंबूफूल, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड ब्लीचसोबत एकाच बादलीत घालणं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पावसामुळे खिडक्या बंद असलेल्या लहानशा मोरीत तो श्वासात गेला तर थेट दवाखाना गाठावा लागतो. दोन्ही वापरायचंच असेल तर मधे कापड भरपूर पाण्याने धुऊन, वेगळ्या दिवशी. संडासाचं ॲसिड एकट्यानेही डागावर लावू नये. गंज जातो, पण सुती धागाही त्यासोबत जळतो.

गंमत म्हणजे उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्याला हा धडा जुना आहे. जीन्सवर फिकटपणा आणायला पोटॅशियम परमँगनेट मारतात, त्याने कापडावर तपकिरी डाग उरतो. तो डाग मँगनीजचा, म्हणजे धातूचाच. तो काढायला कारागीर ब्लीच वाढवत नाहीत, उलट्या स्वभावाचं रसायन वापरतात, मेटाबायसल्फाइट किंवा ऑक्झॅलिक आम्ल. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून या धुलाईच्या कारखान्यांवर पुढे न्यायालयीन लढाई झाली आणि बरेच बंद पडले. पण धातूच्या डागाला ऑक्सिडीकरणाने हात लावायचा नसतो, हे तिथल्या कामगारांना ठाऊक होतं.

नीळ आणि इस्त्री कधी?

नीळ डाग काढत नाही. पिवळ्याच्या जोडीला थोडा निळा रंग दिला की डोळ्याला कापड पांढरं वाटतं, एवढंच तिचं काम. म्हणून ती सगळ्यात शेवटी, धुतलेल्या आणि साबण निघालेल्या कापडाला. पिवळा डाग ठेवून नीळ दिली तर तिथे हिरवट-करडा ठिपका उमटतो, तो पुढच्या दोन-तीन धुण्यांत पिच्छा सोडत नाही. द्रव नीळ असेल तर थेंब आधी मगभर पाण्यात, मग तो मग बादलीत. थेंब थेट कापडावर पडला तर निळी नक्षी नक्की.

दमट पँट इस्त्रीने वाळवायची सवय पावसाळ्यात सगळ्यांनाच लागते. डाग पूर्ण गेला आहे हे दिवसाच्या उजेडात पाहिल्याशिवाय ती करू नये. ट्यूबलाइटखाली फिक्कट पिवळं लपतं. इस्त्रीच्या उष्णतेने उरलेलं तेल आणि काजळी धाग्यात मुरतात, आणि मग लिक्विडलाही ती सुटत नाहीत.

पुराच्या पाण्यातून आले असतील तर

२६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या तारखा बदलापूरकरांना वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. दुसऱ्या तारखेला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावं लागलं होतं. एवढा पूर नसला तरी सखल भागात नाल्याचं पाणी रस्त्यावर येतंच. असं पाणी पायाला लागलं असेल तर कपड्यांआधी पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत, जखम असेल तर खास लक्ष द्यावं. उंदरांच्या लघवीतून अशा पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते फाटलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगावं.

ते मोजे इतर कपड्यांपासून वेगळे, रबरी हातमोजे घालून धुवावेत. हे जंतू साबणात आणि कोरडेपणात टिकत नाहीत, त्यामुळे नेहमीचं भिजवणं दोनदा केलं आणि मोजे खडखडीत वाळवले तर ते पुन्हा वापरता येतात. गटाराचा कुबट वास दोन धुण्यांनंतरही येत असेल, तर तो वास बहुतेक मोज्यात नसून बुटाच्या आतल्या तळव्यात असतो. तो तळवा बाहेर काढून वेगळा धुवावा, आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून ते तीन-चार तासांनी बदलावेत.